फुकट वायफायचं लॉगिन पान: नंबर कधी द्यायचा, ओटीपी कधी नाही

माझी भाची ऐरोलीला राहते आणि कॉलेजला वाशीला जाते. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गाड्या उशिराने धावत होत्या. ती ट्रान्स हार्बर मार्गावरच्या एका स्थानकात अडकली होती आणि दिवसाचा दीड जीबी डेटा केव्हाच संपला होता. फोनमध्ये वायफाय चालू केलं तर यादीत वरच `RailWire_Free` असं नाव दिसलं. तिने ते दाबलं. एक पान उघडलं, वर रेल्वे इंजिनाचं चित्र आणि खाली मोबाईल नंबरची चौकट. नंबर टाकला. काही सेकंदांत कीबोर्डच्या वरच्या पट्टीत सहा आकडे आपोआप आले, तिने त्यावर बोट ठेवलं आणि 'कनेक्ट' दाबलं. पानावर दोन मिनिटं थांबायची सूचना आली. तिसऱ्या मिनिटाला गाडी आली, ती चढली आणि विसरून गेली.

घरी पोहोचेपर्यंत माझ्या बहिणीला, मला आणि कॉलेजच्या दोन मैत्रिणींना तिच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज आले होते: "अर्जंट आहे, आठ हजार पाठव, रात्री परत देते." मला लिहिताना ती कधीच 'अर्जंट' म्हणत नाही, म्हणून मी फोन केला. "मामा, माझं व्हॉट्सॲपच बंद झालंय," हे तिचं पहिलं वाक्य.

मी गेली बारा वर्षं ठाण्यात दुकानं, क्लासेस आणि ऑफिसांमध्ये वायफाय बसवून देतो. पाहुण्यांसाठी असं लॉगिन पान उभं करून देणं हे माझं नेहमीचं काम, त्यामुळे त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मला लगेच कळलं. तिने पासवर्ड दिला नव्हता, पैसे भरले नव्हते, कुठलंही ॲप घेतलं नव्हतं. खऱ्या रेल्वे वायफायवर जे करावं लागतं तेच तिने केलं होतं. फसवणुकीची हीच तऱ्हा ओळखायला सगळ्यात अवघड आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

खरं पान नंबर का मागतं

बऱ्याच जणांना वाटतं की नंबर मागणारं प्रत्येक पान संशयास्पद. तसं नाही. आपल्याकडे सार्वजनिक वायफाय देणाऱ्याला वापरणारा कोण आहे याची नोंद ठेवावीच लागते, आणि या नियमामागची घटना आपल्या नवी मुंबईतलीच आहे.

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. तपास करणारे पोलीस पोहोचले सानपाड्यातल्या एका इमारतीत. तिथल्या एका घरातलं वायफाय पासवर्डशिवाय उघडं होतं आणि त्याचाच वापर करून तो ईमेल पाठवला गेला होता. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून तसाच ईमेल गेला. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं असेल तर एक तर वापरणाऱ्याच्या फोटो ओळखपत्राची प्रत ठेवा, नाही तर त्याच्या मोबाईलवर एसएमएसने लॉगिनची माहिती पाठवा आणि तो नंबर ओळख म्हणून वर्षभर जपून ठेवा. स्टेशनवर प्रत्येकाचं ओळखपत्र कोण तपासणार? म्हणून सगळ्यांनी नंबर आणि ओटीपीचा मार्ग धरला.

म्हणजे खऱ्या पानाला तुमच्याकडून दोनच गोष्टी लागतात. तुमचा नंबर, आणि तो नंबर तुमच्याच हातात आहे याचा पुरावा म्हणून त्याच पानाने पाठवलेला ओटीपी. जीमेलचा पासवर्ड, फेसबुकचा पासवर्ड, आधार क्रमांक, कार्डामागचे तीन आकडे, यूपीआय पिन यांपैकी कशाचीही त्याला कायद्याने गरज नाही. यांतलं काहीही मागितलं की पान बंद करायचं, पुढे तपासत बसायची गरज नाही.

भाचीच्या पानाने मात्र फक्त नंबर आणि ओटीपीच मागितला होता.

नेटवर्कला जोडल्यावर पडद्यामागे काय होतं

वायफायचं नाव हे कुणाच्या मालकीचं नसतं. माझ्या खिशातल्या फोनच्या हॉटस्पॉटला मी `RailWire` नाव दिलं तर यादीत ते हुबेहूब तसंच दिसेल. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कमध्ये फोनला खरं-खोटं ओळखायचं कुठलंही साधन नसतं. तो फक्त नाव आणि सिग्नलची ताकद पाहतो. खरा राउटर फलाटाच्या छतावर, तोतया शेजारच्या बाकावरच्या बॅगेत. मग जवळचा सिग्नल जास्त दांड्यांचा दिसणारच.

जोडणी झाली की फोन आधी एक छोटीशी चाचणी करतो. अँड्रॉइड फोन हा पत्ता मागून बघतो:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

आयफोन `captive.apple.com` ला विचारतो. ठरलेलं उत्तर आलं तर इंटरनेट मोकळं आहे असं फोन समजतो. उत्तराच्या जागी दुसरंच पान आलं तर इथे लॉगिन करावं लागणार हे त्याला कळतं आणि तो ते पान एका वेगळ्या छोट्या खिडकीत आपोआप उघडतो. खरं नेटवर्कही हेच करतं आणि बनावटही हेच. त्यामुळे पान आपोआप उघडलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. फोननेच पान दाखवलं म्हणजे ते तपासलेलं असणार, असं समजू नका.

त्या पानावरचं चित्र, रंग, बोधचिन्ह, 'भारत सरकार' असे शब्द, अगदी शुद्ध मराठी सूचना, हे सगळं नेटवर्क चालवणाऱ्याच्या हातात असतं. मला एखाद्या दुकानाचं पान सजवायला अर्धा तास लागतो. नक्कल करायला त्याहून कमी.

तोतया ओटीपीचं काय करतो

भाचीने नंबर टाकला त्या क्षणी तो नंबर त्या माणसाच्या दुसऱ्या फोनवर दिसला. त्याने तिथे व्हॉट्सॲप नव्याने सुरू केलं आणि तोच नंबर टाकला. व्हॉट्सॲपने नेहमीप्रमाणे नंबरच्या मालकाला, म्हणजे भाचीला, सहा आकडी कोड एसएमएसने पाठवला. ती वायफायच्या ओटीपीचीच वाट पाहत होती. कोड आला, तिने तो त्या पानावर टाकला आणि पानाने तो पलीकडे पोहोचवला. व्हॉट्सॲप तिच्या फोनमधून निघून त्याच्या फोनवर गेलं.

इथे कुणी काही हॅक केलं नाही. एका खऱ्या सेवेने पाठवलेला खरा ओटीपी फक्त चुकीच्या चौकटीत टाकला गेला. व्हॉट्सॲपऐवजी दुसरी कुठलीही, नंबर आणि ओटीपीवर उघडणारी सेवा असू शकते.

आता या सगळ्यात एक गोष्ट तोतयाच्या हातात नव्हती: तो एसएमएस. एसएमएस वायफायवरून येत नाही, तुमच्या सिमच्या मोबाईल नेटवर्कवरून येतो. त्यातला मजकूर ज्या सेवेने पाठवला तिचाच असतो. भाचीच्या फोनमध्ये तो मेसेज अजून होता. मी तिला उघडून वाचायला सांगितला. त्यात व्हॉट्सॲपचं नाव होतं आणि हा कोड कुणालाही देऊ नका असंही इंग्रजीत लिहिलं होतं. तिने तो पाहिलाच नव्हता, कारण कीबोर्डने नुसते आकडे उचलून पट्टीत ठेवले होते. ही सोय घरी कामाची आहे. वायफायच्या पानावर मात्र या सोयीनेच घात केला.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो: वायफायच्या पानावर कीबोर्डने सुचवलेला कोड कधी दाबायचा नाही. मेसेज स्वतः वाचायचा आणि तो कुणी पाठवलाय व कशासाठी पाठवलाय हे जुळत असेल तरच आकडे हाताने टाकायचे. आयफोनवर ती छोटी खिडकी सोडून मेसेजच्या ॲपमध्ये गेलात तर कधी कधी खिडकी बंद होते आणि वायफायही तुटतं. त्यामुळे तिथे वरून नोटिफिकेशन खाली ओढून मेसेज वाचा.

याच खेळाचा एक उलटा प्रकारही आहे. त्यात पान तुमच्याकडे कोड मागत नाही, तेच तुम्हाला आठ अक्षरांचा कोड दाखवतं आणि म्हणतं, "पडताळणीसाठी हा कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका." तो कोड म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या संगणकाला जोडण्याची परवानगी. यात तुमचं व्हॉट्सॲप बंद पडत नाही, त्यामुळे पलीकडे कुणी वाचत बसलंय हे कळायलाही वेळ लागतो.

आणि पासवर्ड मागणारं पान

जुनी तऱ्हा पासवर्डची. पानावर गूगल, फेसबुक किंवा ईमेलने लॉगिन करा असं बटण असतं आणि दाबल्यावर त्या कंपनीसारखंच दिसणारं पान येतं. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये एका माणसाला याच गुन्ह्यात पकडलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांना प्रवासात एक संशयास्पद वायफाय दिसलं आणि तिथून तपास सुरू झाला. पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेडच्या विमानतळांवर आणि विमानांमध्येही तो हातातल्या बॅगेत मावेल एवढं उपकरण घेऊन खऱ्या नेटवर्कच्या नावाचं वायफाय सोडायचा आणि लोकांचे ईमेल व सोशल मीडियाचे पासवर्ड गोळा करायचा. पुढच्या वर्षी त्याला सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली.

ही तऱ्हा ओळखायला सोपी आहे. तुम्ही फोनमध्ये गूगलला आधीच लॉगिन असता, तरी ही खिडकी पासवर्ड पुन्हा मागते. शिवाय गूगल स्वतः दुसऱ्या ॲपच्या आतल्या अशा खिडकीत लॉगिन करू देत नाही, म्हणून तिथे दिसणारं गूगलचं पान जवळपास नक्कीच खोटं. काही मॉलमध्ये 'नवीन खातं उघडा, पासवर्ड ठरवा' असं येतं. तेव्हा लोक सवयीने नेहमीचाच ईमेल आणि नेहमीचाच पासवर्ड टाकतात. ते पान खरं असलं तरी पासवर्ड आता तिसऱ्याच कुणाकडे गेला. पर्याय नसेल तर तिथे कुठेही न वापरलेला, टाकाऊ पासवर्ड द्या. माझा सल्ला विचाराल तर असं वायफाय सोडूनच द्या.

घरून निघण्याआधी: पाच मिनिटांचं काम

पहिलं काम व्हॉट्सॲपमध्ये. Settings, मग Account, मग Two-step verification. तिथे सहा आकडी पिन ठरवा आणि ईमेल जोडा. हा पिन असता तर भाचीचा कोड मिळूनही त्या माणसाला पुढे जाता आलं नसतं, कारण नव्या फोनवर कोडनंतर हा पिन मागितला जातो. जन्मवर्ष किंवा 123456 ठेवू नका.

दुसरं काम जुनी नेटवर्कं पुसण्याचं. फोनमध्ये वर्षानुवर्षं जमलेली नावं असतात: मॉल, कॅफे, स्टेशन, कुठल्या तरी लग्नाचा हॉल. यांतल्या पासवर्ड नसलेल्या नावाचं वायफाय कुठेही दिसलं की फोन तुम्हाला न विचारता जोडला जाऊ शकतो, मग ते कुणीही सोडलेलं असो. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या सेटिंगात Saved networks असं काहीतरी असतं, कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते. घर आणि ऑफिस सोडून बाकीची नावं उघडून Forget करा. आयफोनवर Settings मध्ये Wi-Fi उघडून वर Edit दाबलं की जुनी यादी दिसते. एखादं ठेवायचंच असेल तर त्याचं Auto-connect किंवा Auto-Join बंद करा.

स्टेशनवर जोडताना

समजा तुम्ही ठाणे स्टेशनला आहात आणि रेल्वेचं वायफाय हवं आहे. ही सेवा रेलटेल ही सरकारी कंपनी चालवते. देशभरात सहा हजारांहून जास्त स्थानकांवर ती आहे आणि तिच्या नेटवर्कचं नाव `RailWire` असतं. आधी स्टेशनवर त्याचा फलक दिसतो का पाहा आणि यादीतलं नाव अक्षरश: जुळवा. मागे-पुढे Free, 5G, Fast, Official असं काही चिकटलेलं असेल तर हात लावू नका. नाव जुळलं तरी ते खरंच असेल असं नाही, पण नाव जुळत नसेल तर विषय तिथेच संपला.

मग पान उघडेल. चौकटीत काही टाकण्याआधी खिडकीच्या अगदी वर, शीर्षकाजवळ, बारीक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता दिसतो तो वाचा. रेलटेलचं पान `railwire.co.in` वर असतं. पत्ता वाचण्याची पद्धत अशी: `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथपर्यंत जा आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवट `railwire.co.in` असा झाला पाहिजे, आणि त्याच्या आधी काही असेलच तर मध्ये टिंब हवं. हे पाहा:

```
railwire.co.in.free-login.example/otp
```

यात सुरुवातीला ओळखीचं नाव आहे, पण रेघेच्या आधीचा शेवट `free-login.example` आहे. म्हणजे पान त्या पत्त्याच्या मालकाचं, रेलटेलचं नव्हे. नुसतं कुलुपाचं चिन्ह पाहून खात्री धरू नका. ते चिन्ह एवढंच सांगतं की या पत्त्यापर्यंतचा रस्ता बंद आहे. पत्ता कुणाचा, हे ते सांगत नाही, आणि असं कुलूप कुणालाही फुकट मिळतं.

कुलूप नसेल किंवा पत्ता `http://` असेल तर आणखी एक अडचण असते. नेटवर्क तोतयाचं असेल तर तुम्ही हाताने बरोबर पत्ता टाकूनही तो आपलं पान दाखवू शकतो. `https://` असलेल्या पत्त्यावर त्याला हे जमत नाही, ब्राउझर लाल इशारा देतो. असा इशारा आला की 'तरीही पुढे जा' कधीच दाबू नका, वायफाय तोडा.

इथवर सगळं ठीक असेल तर नंबर द्या आणि मेसेजची वाट पाहा. मेसेज आला की तीन गोष्टी वाचा. पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाईल नंबर नसावा. कंपन्यांचे मेसेज अक्षरांच्या नावाने येतात आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी मेसेजचा प्रकार सांगणारं एक अक्षरही जोडलेलं असतं. मजकुरात वायफायचा किंवा ती सेवा देणाऱ्या कंपनीचा उल्लेख असावा. आणि व्हॉट्सॲप, टेलिग्राम, बँक, खरेदीचं ॲप, 'नवीन फोनवर लॉगिन' असलं काही नसावं. मेसेजमध्ये नुसते आकडे असतील, कुणाचंच नाव नसेल, तर मी तो टाकत नाही.

काही जण एक युक्ती करतात: आधी मुद्दाम चुकीचा ओटीपी टाकतात. चुकीचा ओटीपी घेऊन पान पुढे गेलं तर ते बनावट आहे हे नक्की. पण त्याने 'चुकीचा आहे' म्हटलं म्हणून ते खरं ठरत नाही. भाचीला गाठलेल्या पानानेही तसंच म्हटलं असतं, कारण ते मागे खऱ्या सेवेलाच विचारत होतं.

पैशांबद्दल थोडं. रेलटेलचं वायफाय रोज पहिली तीस मिनिटं फुकट असतं आणि पुढे दहा रुपयांपासूनचे प्लॅन असतात. त्यामुळे पैशांचं पान आलं म्हणजे लगेच फसवणूक, असं नाही. पण सुरुवातीलाच 'पडताळणीसाठी एक रुपया' म्हणून कार्ड मागणारं पान खोटं. आणि प्लॅन घ्यायचाच असेल तरी कार्डाचे आकडे त्या छोट्या खिडकीत टाकू नका. फोन पूर्ण ब्राउझरवर आणा, पत्ता पुन्हा वाचा, मग ठरवा. यूपीआय पिन फक्त तुमच्या यूपीआय ॲपच्या स्वतःच्या पडद्यावरच टाकायचा असतो.

लॉगिन करण्यासाठी पानावरूनच एखादं ॲप किंवा फाइल उतरवून घ्यायला सांगितलं तर नकार द्या. दुकानांमधून मिळणाऱ्या, पीएम-वाणी या सरकारी योजनेतल्या वायफायला ॲप लागतं हे खरं, पण ते आधी घरच्या इंटरनेटवर प्ले स्टोअरमधून घ्यायचं असतं.

मॉलमधली गोष्ट थोडी वेगळी

स्टेशनवर निदान एकच ठरलेलं नाव आणि एकच ठरलेला पत्ता असतो. वाशी, सीवूड्स किंवा घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये तसं नसतं. मॉलचं एक वायफाय, फूड कोर्टचं दुसरं, प्रत्येक मोठ्या दुकानाचं आणखी एक. लॉगिनचं पान बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीने बनवलेलं असतं, त्यामुळे पत्त्यात मॉलचं नाव नसलं तरी ते खरं असू शकतं. इथे पत्त्यावरून निर्णय लागत नाही. माहिती काउंटरवर जाऊन दोन प्रश्न विचारा: नेटवर्कचं नेमकं नाव काय, आणि ओटीपी कुणाच्या नावाने येतो? मी ग्राहकांना वायफाय बसवून देतो तेव्हा हे दोन्ही कागदावर लिहून काउंटरवर ठेवायला सांगतो. उत्तर मिळालं नाही तर मोबाईल डेटा वापरा.

खरं पानही मॉलमध्ये गरजेपेक्षा जास्त मागतं: नाव, ईमेल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. ही फसवणूक नव्हे, जाहिरातीसाठीची माहिती आहे. कायद्याला नंबर पुरतो. बाकीचं शक्य तिथे रिकामं सोडा, आणि 'ऑफर्स पाठवा' याची खूण आधीच केलेली असते ती काढा.

काम झालं की निघताना ते नेटवर्क Forget करा. पुढच्या वेळी पुन्हा ओटीपी मागेल, तेवढा त्रास परवडतो.

बनावट नेटवर्कला काय जमत नाही

लोक मला घाबरून विचारतात, "एकदा जोडलं गेलं म्हणजे बँकेचं ॲपही वाचलं गेलं का?" नाही. बँकेचं ॲप, जीमेल, व्हॉट्सॲप हे सगळे आपापली माहिती कुलूपबंद करून पाठवतात. मधल्या माणसाला फार तर तुम्ही कोणत्या साइटशी बोलताय हे कळतं, काय बोलताय ते नाही. चुकून जोडलात आणि काहीच न टाकता बाहेर पडलात तर वायफाय तोडा, नेटवर्क Forget करा, बस्स. पासवर्ड बदलत बसायची गरज नाही. धोका त्या चौकटीत तुम्ही स्वतः टाइप करता त्याचा असतो.

टाकून बसलात तर

भाचीच्या वेळी आम्ही ज्या क्रमाने गेलो तोच सांगतो. आधी वायफाय बंद केलं आणि माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर तिला घेतलं. मग तिच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून तिचा नंबर टाकला. नवा सहा आकडी कोड तिच्या सिमवर आला, तो टाकला. कोड टाकताच तो माणूस बाहेर फेकला गेला. पण त्याने मधल्या वेळात स्वतःचा दोन पायऱ्यांचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळे तिला खातं उघडता येईना. अशा वेळी पिनशिवाय खातं परत मिळायला सात दिवस थांबावं लागतं. अंदाजाने पिन टाकत बसू नका. या सात दिवसांत तोही तिच्या नावाने काही पाठवू शकत नाही, हे लक्षात ठेवा. लोक 'खातं उघडतच नाही' म्हणून हा कोड टाकायचंच सोडून देतात आणि तो माणूस पैसे मागत राहतो.

उलट्या, आठ अक्षरांच्या प्रकारात अडकला असाल तर व्हॉट्सॲपमध्ये Linked devices उघडा आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक उपकरण Log out करा.

दुसरं काम फोनाफोनीचं. बहिणीने नातेवाइकांना, भाचीने वर्गातल्या ग्रुपमधल्या दोघींना साधे फोन केले आणि त्यांनी पुढे सांगितलं. तरी एका मैत्रिणीने तोवर आठ हजार पाठवले होते. तिच्या बाबांनी लगेच 1930 ला फोन लावला. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या यूपीआय पत्त्यावर पैसे गेले तो पत्ता, एवढं हाताशी होतं. या हेल्पलाइनचा उपयोग वेळेवर अवलंबून आहे: समोरच्या खात्यात पैसे पडून असेपर्यंत ते गोठवता येतात, पुढे सरकले की माग काढत बसावं लागतं. तिचे पैसे खात्यातच अडवले गेले. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवली आणि त्याच्या पोचीसह जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो.

पासवर्ड दिला असेल तर क्रम असा: मोबाईल डेटावरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथूनच निघतात. मग 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथे बदला. कार्डाचे आकडे दिले असतील तर बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा, पैसे गेल्याचा मेसेज यायची वाट पाहू नका.

तक्रारीत आम्ही तीन गोष्टी जोडल्या: त्या एसएमएसचा स्क्रीनशॉट वेळेसकट, पैसे मागणाऱ्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि वायफायच्या यादीत अजून दिसत असलेलं ते `RailWire_Free` हे नाव. स्थानकाचं नाव, फलाट आणि अंदाजे वेळही लिहिली. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयातही तेच लेखी दिलं, कारण असं उपकरण थोड्याच अंतरावर चालतं आणि तो माणूस बहुधा त्याच फलाटावर पुन्हा येऊन बसणार असतो. आठव्या दिवशी सकाळी भाचीचं व्हॉट्सॲप सुरू झालं. तिने सगळ्यात आधी स्वतःचा पिन लावला, मग मला मेसेज केला.